मुदत संपलेल्या विम्याची रक्कम: ती कधी करमुक्त असते आणि कधी करपात्र ठरते

विम्याची मुदत संपल्यावर मिळणारे पैसे सरसकट करमुक्त असतात, ही समजूत उद्यमनगरातल्या कारखानदारापासून कागलच्या ऊस बागायतदारापर्यंत सगळीकडे पक्की रुजलेली आहे. २००३ पूर्वी ती बहुतांशी खरीही होती. त्यानंतर मात्र कायद्याने टप्प्याटप्प्याने अटी घातल्या, आणि आज एकाच माणसाच्या कपाटातल्या चार पॉलिसींना चार वेगवेगळे नियम लागू असू शकतात. म्हणून "विम्याला कर लागतो का?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही, प्रत्येक पॉलिसीचे उत्तर तिच्याच कागदांतून शोधावे लागते. ते कसे शोधायचे, हे या लेखात उद्यमनगरातील एका काल्पनिक कारखानदाराच्या उदाहरणाने पाहू. युनिट लिंक्ड विमा, म्हणजे युलिप, याला वेगळे नियम आहेत. येथे चर्चा आहे ती बोनस किंवा ठरीव परतावा देणाऱ्या नेहमीच्या पॉलिसींची.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. विमाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला मिळणारी रक्कम हप्ता कितीही मोठा असला तरी करमुक्तच राहते. खाली दिलेल्या हप्त्याच्या कसोट्या मुदत संपल्यावर, पॉलिसी मध्येच सरेंडर केल्यावर किंवा मनी बॅक पॉलिसीत ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या रकमेसाठी आहेत.

पहिली पायरी: बाँड काढून चार नोंदी करणे

प्रत्येक पॉलिसीचा मूळ बाँड काढावा आणि त्याच्या पहिल्या एक-दोन पानांवरील तक्त्यातून चार गोष्टी एका कागदावर उतरवून घ्याव्यात: पॉलिसी दिल्याची तारीख, कर वगळून वर्षाचा हप्ता, मृत्यू झाल्यास मिळणारी किमान विमा रक्कम, आणि हप्ते भरण्याची व पॉलिसीची मुदत. एजंटाने दिलेल्या रंगीत पत्रकावर किंवा मोबाइलवर आलेल्या संदेशावर विसंबून राहू नये.

यातील तारखेबाबत एक सूक्ष्म मुद्दा आहे. वय कमी धरले जावे म्हणून काही पॉलिसी मागील तारखेपासून सुरू झाल्याचे दाखवले जाते, त्यामुळे जोखीम सुरू होण्याची तारीख आणि पॉलिसी प्रत्यक्ष दिल्याची तारीख यांत काही महिन्यांचे अंतर पडू शकते. कायदा पॉलिसी दिल्याची तारीख पाहतो. ३१ मार्चच्या आसपासच्या पॉलिसींत हे अंतरच निर्णायक ठरते.

दुसरी पायरी: हप्त्याचे विमा रकमेशी प्रमाण

१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १०(१०डी) ही करमुक्ती देते. ३१ मार्च २००३ पर्यंत दिलेल्या पॉलिसीला हप्त्याच्या प्रमाणाची अट नाही. १ एप्रिल २००३ ते ३१ मार्च २०१२ या काळातील पॉलिसीत कोणत्याही वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या २० टक्क्यांहून अधिक नसावा. १ एप्रिल २०१२ पासूनच्या पॉलिसीत ही मर्यादा १० टक्के आहे. विमा ज्याच्या आयुष्यावर आहे ती व्यक्ती कायद्याच्या व्याख्येतील दिव्यांग असेल किंवा ठरावीक गंभीर आजाराने ग्रस्त असेल, तर १ एप्रिल २०१३ पासूनच्या पॉलिसीसाठी हीच मर्यादा १५ टक्के आहे.

"कोणत्याही वर्षाचा" हे शब्द लक्षात ठेवावेत. सरासरी काढायची नसते. एका वर्षी जरी हप्ता मर्यादेपलीकडे गेला तरी संपूर्ण पॉलिसीची करमुक्ती जाते. विमा रक्कम मोजतानाही बोनस धरायचा नाही आणि परत मिळणार असलेले हप्तेही धरायचे नाहीत. मुदतीत केव्हाही मृत्यू झाला तर जी किमान रक्कम मिळण्याची हमी आहे तीच घ्यायची. काही बाँडवर मूळ विमा रक्कम एक आणि मृत्यूनंतरची विमा रक्कम दुसरी, अशा दोन रकमा छापलेल्या असतात. त्यांपैकी मृत्यूनंतरची किमान रक्कम पाहावी, आणि ती पुढच्या एखाद्या वर्षी घटत तर नाही ना, हेही पाहावे.

आता आपल्या कारखानदाराकडे वळू. त्यांची पहिली पॉलिसी जून २०११ मधील आहे. वार्षिक हप्ता ६०,००० रुपये आणि विमा रक्कम ५,००,००० रुपये, म्हणजे प्रमाण १२ टक्के. त्या काळची मर्यादा २० टक्के असल्यामुळे ही पॉलिसी करमुक्त आहे. हीच पॉलिसी त्यांनी एप्रिल २०१२ मध्ये घेतली असती तर त्याच १२ टक्क्यांमुळे ती करपात्र ठरली असती.

त्यांची दुसरी पॉलिसी जून २०१५ मधील आहे आणि खरी गफलत तिच्यात आहे. ऊस बिलाची, जमीन विक्रीची किंवा बँकेतल्या मुदत ठेवीची एकरकमी रक्कम हाती आली की ती एकाच हप्त्याच्या पॉलिसीत घालण्याचा प्रघात आपल्याकडे बराच आहे. अशा अनेक पॉलिसींत विमा रक्कम हप्त्याच्या सव्वापट असते. यांनी ५,००,००० रुपयांचा एकच हप्ता भरला आणि विमा रक्कम ६,२५,००० रुपये होती. हप्त्याचे प्रमाण ८० टक्के झाले, मर्यादा १० टक्के. ही पॉलिसी घेतली त्याच दिवशी करपात्र ठरली होती. दहा वर्षांनी जून २०२५ मध्ये ८,६०,००० रुपये खात्यात आले, तेव्हा ते फक्त उघड झाले. एकरकमी हप्त्याची पॉलिसी करमुक्त हवी असेल तर विमा रक्कम हप्त्याच्या किमान दहापट असावी लागते, आणि तसा पर्याय घेतला की जोखमीचा खर्च वाढून परतावा उतरतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत, हे विकणारा सहसा सांगत नाही.

तिसरी पायरी: करपात्र रक्कम किती, हे काढणे

करपात्र म्हणजे पूर्ण ८,६०,००० रुपयांवर कर, असा अर्थ नाही. भरलेले हप्ते वजा जाता उरलेला नफा "इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न" म्हणून मिळकतीत धरला जातो. परंतु ज्या हप्त्यावर पूर्वी कलम ८०सी खाली वजावट घेतली असेल, तेवढा हप्ता येथे वजा करता येत नाही, कारण एकाच रकमेचा लाभ दोनदा मिळत नाही. म्हणून जुनी विवरणपत्रे या टप्प्यावर शोधून काढावी लागतात.

यांच्या २०१५-१६ च्या विवरणपत्रात या पॉलिसीपोटी ६२,५०० रुपयांची वजावट घेतलेली आहे. पाच लाखांचा हप्ता भरूनही एवढीच वजावट का, तर ८०सी मध्येही हप्त्याला विमा रकमेच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे आता वजा करता येणारा हप्ता ५,००,००० उणे ६२,५००, म्हणजे ४,३७,५०० रुपये. करपात्र उत्पन्न ८,६०,००० उणे ४,३७,५००, म्हणजे ४,२२,५०० रुपये. कारखानदार ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहेत. ४ टक्के उपकर धरून दर ३१.२ टक्के होतो आणि कर १,३१,८२० रुपये येतो. कर धरण्यापूर्वी वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास दिसणारा परतावा कर भरल्यावर चार टक्क्यांच्याही खाली येतो.

मनी बॅक पॉलिसी करपात्र असेल तर हाच हिशेब प्रत्येक वेळी करावा लागतो. एकदा वजा केलेला हप्ता पुढच्या रकमेतून पुन्हा वजा करता येत नाही, त्यामुळे कोणत्या वर्षी कोणते हप्ते वजा धरले याची नोंद पॉलिसी संपेपर्यंत जपावी.

चौथी पायरी: पाच लाखांची कसोटी

१ एप्रिल २०२३ पासून दिलेल्या पॉलिसींना १० टक्क्यांच्या कसोटीबरोबर आणखी एक कसोटी लागली. अशा पॉलिसीचा हप्ता कोणत्याही वर्षी ५ लाख रुपयांहून अधिक असेल, तर मुदत संपल्यावर मिळणारी रक्कम करमुक्त नाही. एकाहून अधिक पॉलिसी असतील तर त्यांच्या हप्त्यांची बेरीज पाहिली जाते. याचा तपशील केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १६ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रक क्रमांक १५ मध्ये आहे.

बेरजेत काय धरायचे, यातच बहुतेकांचा गोंधळ होतो. ३१ मार्च २०२३ पर्यंत दिलेल्या पॉलिसींचे हप्ते या बेरजेत येत नाहीत, मग ते कितीही मोठे असोत. निव्वळ जोखमीच्या टर्म विम्याचा हप्ता येत नाही, कारण त्यात मुदतीअखेर काही मिळतच नाही. युलिपचा हप्ताही येत नाही. १ फेब्रुवारी २०२१ पासूनच्या युलिपसाठी अडीच लाखांची स्वतंत्र मर्यादा आहे आणि ती ओलांडली तर नफा भांडवली लाभ म्हणून धरला जातो. हप्त्यावर आकारलेला जीएसटीही बेरजेतून वगळायचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी उरलेलाच नाही, पण त्याआधीच्या पावत्यांतून तो वेगळा काढावा लागतो.

कारखानदारांनी ऑगस्ट २०२३ मध्ये एक पॉलिसी घेतली. तिला थोरली म्हणू. वार्षिक हप्ता ३,००,००० रुपये, दहा वर्षे हप्ते, पंधरा वर्षे मुदत, विमा रक्कम ३० लाख. नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीची आणखी एक घेतली, ती धाकटी. हप्ता २,४०,००० रुपये, दहा वर्षे हप्ते, बारा वर्षे मुदत, विमा रक्कम २४ लाख. १० टक्क्यांची कसोटी दोन्ही पार करतात, आणि प्रत्येकीचा हप्ता पाच लाखांच्या आतच आहे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन वेगळ्या एजंटांनी आपापल्या पॉलिसीबद्दल "ही करमुक्त आहे" असे सांगितले असेल, तर स्वतंत्रपणे पाहता दोघांचेही बरोबरच होते. बेरीज मात्र ५,४०,००० रुपये होते, आणि त्यामुळे दोन्हींना मिळून करमुक्ती घेता येत नाही, फक्त एकीलाच घेता येते. धाकट्या पॉलिसीचा हप्ता दोन लाखांवर ठेवला असता तर बेरीज नेमकी पाच लाख झाली असती आणि दोन्ही करमुक्त राहिल्या असत्या, कारण मर्यादा "पाच लाखांहून अधिक" अशी आहे.

पाचवी पायरी: कोणत्या पॉलिसीला करमुक्ती घ्यायची, हे ठरवणे

बेरीज मर्यादेबाहेर गेली म्हणून दोन्ही पॉलिसी करपात्र होतात, असे नाही. ज्या पॉलिसींची बेरीज पाच लाखांच्या आत बसते त्यांना करमुक्ती मिळते, आणि त्या कोणत्या, हे करदात्याने आपल्या फायद्याचे पाहून ठरवायचे असते. तथापि एकदा एका पॉलिसीला करमुक्ती घेतली की नंतर मुदत संपणाऱ्या पॉलिसीचा विचार करताना त्या जुन्या पॉलिसीचा हप्ताही बेरजेत धरला जातो. म्हणजे आधी संपणारी पॉलिसी नकळत सगळी जागा अडवून बसू शकते.

धाकटी पॉलिसी २०३५ मध्ये संपेल. तिच्यात २४ लाख भरून ३४ लाख मिळाले असे समजू. नफा १० लाख. थोरली २०३८ मध्ये संपेल. ३० लाख भरून ५२ लाख मिळाले तर नफा २२ लाख. कारखानदार २०२३-२४ पासून नव्या करपद्धतीत असल्यामुळे या हप्त्यांवर ८०सी ची वजावट घेतलेली नाही, म्हणून पूर्ण हप्ता वजा होतो. आजचाच ३१.२ टक्के दर धरला, तर २०३५ मध्ये धाकट्या पॉलिसीला करमुक्ती घेतल्यास ३,१२,००० रुपये वाचतील, पण २०३८ मध्ये थोरलीवर ६,८६,४०० रुपये भरावे लागतील. उलट २०३५ मध्ये धाकट्या पॉलिसीचा नफा स्वतःहून करपात्र दाखवून ३,१२,००० रुपये भरले, तर थोरली संपूर्ण करमुक्त राहील. दोन मार्गांत ३,७४,४०० रुपयांचा फरक आहे. हातात पैसे आलेल्या वर्षी कर भरायचा आणि तीन वर्षांनी लाभ घ्यायचा, हे मनाला पटवणे अवघड असते. म्हणूनच हा हिशेब २०३५ उजाडण्यापूर्वी कागदावर मांडून ठेवावा. विवरणपत्र भरणारा सल्लागार बदलला, तर नव्याला थोरल्या पॉलिसीची माहितीच नसते आणि तो सवयीने धाकटी करमुक्त दाखवून मोकळा होतो.

बेरीज ही वर्षनिहाय असते, हेही येथे सांगितले पाहिजे. थोरली व धाकटी दोन्हींचे हप्ते २०३२-३३ मध्ये संपतात. त्यानंतर घेतलेल्या नव्या पॉलिसीचा हप्ता यांच्या हप्त्यांशी एकाच वर्षात येत नाही, त्यामुळे तिला पाच लाखांची जागा पुन्हा मोकळी मिळते.

केवळ कर वाचवण्यासाठी धाकटी पॉलिसी पहिल्या दोन-चार वर्षांत सरेंडर करण्याचा सल्ला मी देणार नाही. त्या काळात सरेंडरची रक्कम भरलेल्या हप्त्यांहून बरीच कमी असते आणि तोटा वाचणाऱ्या करापेक्षा मोठा होतो.

पत्नीच्या नावे पॉलिसी घेऊन मर्यादा दुप्पट करण्याची कल्पना पुष्कळदा पुढे येते. पत्नीची स्वतःची मिळकत असेल, प्रस्तावक म्हणून तिची सही असेल आणि हप्ता तिच्याच खात्यातून जात असेल, तर तिची मर्यादा स्वतंत्र आहे. कायद्याची भाषा मात्र एका व्यक्तीने देय असलेल्या हप्त्यांबद्दल बोलते. त्यामुळे दोन्हीकडचे हप्ते नवऱ्याच्याच कारखान्याच्या चालू खात्यातून जात असतील, तर वादाला जागा राहते. शिवाय नवऱ्याने दिलेल्या पैशातून झालेले करपात्र उत्पन्न त्याच्याच मिळकतीत जोडले जाण्याचा प्रश्नही उभा राहतो.

सहावी पायरी: टीडीएस, आगाऊ कर आणि विवरणपत्र

करपात्र पॉलिसीची रक्कम देताना विमा कंपनी कलम १९४डीए खाली टीडीएस कापते. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर ५ टक्क्यांवरून २ टक्के झाला आहे आणि तो नफ्याच्या भागावर लागतो. आर्थिक वर्षात दिलेली रक्कम एक लाखाहून कमी असेल तर टीडीएस होत नाही, पण म्हणून ते उत्पन्न करमुक्त होत नाही. पॅन दिलेला नसेल तर २० टक्क्यांनी कपात होते.

२०१५ च्या पॉलिसीत कंपनीने ८,६०,००० मधून संपूर्ण ५,००,००० वजा केले आणि ३,६०,००० वर २ टक्क्यांनी ७,२०० रुपये कापले. आपण ८०सी मध्ये काय घेतले होते, हे कंपनीला ठाऊक नसते, म्हणून तिचा नफ्याचा आकडा आणि आपला ४,२२,५०० चा आकडा जुळत नाहीत. विवरणपत्रात आपला आकडा दाखवायचा. याहून मोठा धोका असा की ७,२०० रुपये कापलेले पाहून "कर तर कापून घेतला" असे समजून माणूस निश्चिंत होतो, आणि उरलेले १,२४,६२० रुपये तसेच राहतात.

मुदत संपण्याची तारीख बाँडवर छापलेली असते, त्यामुळे हे उत्पन्न अनपेक्षित आहे असे म्हणता येत नाही. वर्षाचा उरलेला कर १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक होणार असेल, तर त्या वर्षीच्या आगाऊ कराच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या हप्त्यांत तो धरावा. अन्यथा व्याज लागते. कोणताही व्यवसाय नसलेल्या साठ वर्षांवरील व्यक्तीला आगाऊ कर भरावा लागत नाही.

रक्कम आल्यावर फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, या दोन्हींत तिची नोंद पाहावी. १९४डीए ची नोंद दिसली तर कंपनीने ती पॉलिसी करपात्र धरली आहे, हे त्यावरून कळते. नोंद नसली तरी ती करमुक्तच आहे, असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण एका कंपनीला दुसऱ्या कंपनीतल्या आपल्या पॉलिसी दिसत नाहीत. करपात्र नफा इतर स्रोतांच्या उत्पन्नात आणि करमुक्त रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या परिशिष्टात दाखवावी. ती दाखवलीच नाही, तर एआयएस मधील मोठ्या नोंदीबद्दल पुढे विचारणा होण्याची शक्यता राहते.

करवीर, कागल, शिरोळ भागातील शेतकऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. उसाचे उत्पन्न करमुक्त असल्याने ज्यांनी कधी विवरणपत्र भरलेले नाही, त्यांच्याही सव्वापट विम्याच्या पॉलिसीतील नफा शेती उत्पन्न होत नाही. तो, इतर बिगरशेती मिळकतीसह, करमुक्त मर्यादेपलीकडे गेला तर कराचा दर ठरवताना शेती उत्पन्नही हिशेबात घेतले जाते, आणि नफा लहान असूनही वरच्या टप्प्याचा दर लागू शकतो. टीडीएस टाळण्यासाठी फॉर्म १५जी किंवा १५एच वर सही करण्याआधी हा हिशेब करावा, कारण त्या फॉर्मवर आपण वर्षाचा कर शून्य असल्याचे लेखी देत असतो.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर अधिनियम २०२५ घेतो. त्यामुळे वर दिलेले कलमांचे क्रमांक नव्या कागदपत्रांत बदललेले दिसतील. २० व १० टक्क्यांच्या, तसेच पाच लाखांच्या कसोट्या मात्र नव्या अधिनियमातही पॉलिसी दिल्याच्या तारखेनुसारच लावायच्या आहेत.